सहकाऱ्यांचे वजन मोजणाऱ्यांसाठी काही सूचना

कार्यालयात कोण सुटले, कोण वाळले, कोणाच्या डोक्यावरचे केस विरळ झाले आणि कोणाचा रंग उन्हाने रापला, याची नोंद ठेवण्याचे काम कोणाच्याही नेमणूकपत्रात लिहिलेले नसते. तरीही हे काम बिनपगारी आणि एकही रजा न घेता करणारी परोपकारी माणसे प्रत्येक विभागात असतात. गेल्या महिन्यात तिमाही आढाव्याच्या बैठकीत मी आकडे मांडायला उभी राहिले, तेव्हा आमच्या विभागप्रमुखांनी "मॅडम, जरा सरका, तुमच्यामागे अख्खा पडदा गायब झालाय," असे म्हणून सभा हसवली. मी लेखी तक्रार दिली, तर मनुष्यबळ विभागातल्या बाईंनी ती वाचून अतिशय मायेने सुचवले, "अहो, एवढ्या तारखा-बिरखा कशाला? 'वागणुकीत सुधारणा व्हावी' एवढंच लिहा ना, थोडक्यात." त्या सूचनेचा मी बराच विचार केला. त्यातून जे उमगले ते, प्रिय वाचक, तुम्हीही अशा परोपकारी मंडळींपैकी असाल तर तुमच्या कामी यावे, म्हणून हा प्रपंच.

सुरुवात नेहमी काळजीने करावी. "रागावू नका, पण एकदा थायरॉईड तपासून घ्या," असे म्हटले की शेराही मारून होतो आणि वैद्यकीय सल्ल्याचे पुण्यही पदरी पडते.

शेरा चारचौघांतच मारावा. समोरची व्यक्ती हसली तर ती गंमत ठरते आणि नाही हसली तर तिला विनोदबुद्धी नाही, हे सिद्ध होते. यात एकच धोका आहे. जे हसतात ते खोलीत हजर असतात आणि हजर असलेल्यांची नावे लिहिता येतात.

व्हॉट्सॲपच्या गटावर मात्र काहीही लिहू नये. तिथे तारीख आणि वेळ तुमच्या विनोदाच्या शेजारी आपोआप छापली जाते.

आता मुख्य सल्ला. तुमच्याविरुद्ध तक्रार होणारच असेल, तर ती रागाच्या भरात आणि मोघम व्हावी, अशी देवाकडे प्रार्थना करा. "हे गृहस्थ मला सतत माझ्या शरीरावरून हिणवतात, त्यांची मानसिकता विकृत आहे, त्यामुळे माझे आयुष्य उद्ध्वस्त झाले आहे," अशी तक्रार आली की पेढे वाटा. 'सतत' म्हणजे केव्हा, असे विचारता येते. 'हिणवतात' म्हणजे कोणते शब्द वापरले, हे कागदावर नसते. मानसिकतेबद्दल तर तुम्ही सरळ सांगू शकता की तुमच्या मनात काय होते ते तुम्हालाच ठाऊक आणि ते अत्यंत निर्मळ होते. चौकशी करणाऱ्यासमोर अशा वेळी दोन मतांखेरीज काहीच उरत नाही, आणि दोन मतांत वरिष्ठाचे मत जड असते.

भीती बाळगा ती दुसऱ्या प्रकारच्या कागदाची. माझ्या तक्रारीतला हा परिच्छेद नमुन्यादाखल देते, म्हणजे तुम्हाला धोका ओळखता येईल:

"12 ऑगस्ट रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास, दुसऱ्या मजल्यावरील बैठकीच्या खोलीत, मी पडद्याशेजारी उभी राहून आकडे मांडत असताना विभागप्रमुख मला म्हणाले, 'मॅडम, जरा सरका, तुमच्यामागे अख्खा पडदा गायब झालाय.' उपस्थितांची नावे खाली दिली आहेत. त्यांपैकी काही जण हसले. मी उत्तर दिले नाही आणि उरलेली मांडणी खुर्चीत बसून केली. बैठक संपताच मी हे शब्द स्वतःला ई-मेलने लिहून पाठवले. त्याची प्रत सोबत जोडली आहे. याआधी 29 जुलै रोजी दुपारी जेवणाच्या खोलीत, माझ्या डब्याकडे पाहून ते म्हणाले होते, 'भात? अजूनही?'"

यात एकही विशेषण नाही. 'अपमानास्पद', 'घृणास्पद', 'निर्लज्ज' यांपैकी काहीही नाही, त्यामुळे नाकारायला मतच सापडत नाही. एक तर तो तसे बोलला किंवा बोलला नाही, आणि बोलला की नाही ते खोलीतल्या माणसांना विचारता येते. शब्द जसेच्या तसे आहेत. 'माझ्या आकारावरून शेरा मारला' असे सभ्य रूपांतर केले असते, तर वाचणाऱ्याला तो शेरा आहे त्याच्या निम्माच वाटला असता. त्याच दिवशी लिहिलेला ई-मेल हा पुरावा म्हणून फार मोठा नसतो, पण महिन्याने स्मरणातून रचलेल्या हकिकतीपेक्षा त्याला कितीतरी अधिक वजन असते, आणि हे वजन कमी करण्याचा सल्ला तुम्ही कोणाला देऊ शकत नाही.

याहून त्रासदायक असतो तो परिणामांचा भाग. "मला नैराश्य आले," असे तक्रारदाराने स्वतःच ठरवून लिहिले, तर तुम्ही डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागून निवांत बसू शकता. पण कागदावर असे असते: 29 जुलैनंतर मी जेवणाच्या खोलीत जात नाही, जागेवरच जेवते. 12 ऑगस्टनंतरची माझ्या वाट्याची मांडणी मी सहकाऱ्याकडे सोपवली, तो ई-मेल सोबत आहे. 18 ऑगस्टला अर्ध्या दिवसाची रजा घेऊन डॉक्टरांकडे गेले, झोप लागत नसल्याचे सांगितले, त्या भेटीचा केसपेपर सोबत आहे. यात रोगाचे नाव नाही. आधी काय करत होते, आता काय करत नाही आणि ते कोणत्या कागदावर दिसते, एवढेच आहे. रजेची नोंद कार्यालयाच्याच यंत्रणेत असते, म्हणजे पुरावा तुमच्याच घरात.

तेव्हा तक्रारदाराला भावनेकडे ढकला, आणि जमल्यास तिला तिच्या वजनाचे स्पष्टीकरण द्यायला लावा. ही युक्ती हमखास चालते. बाळंतपणानंतर वजन वाढले, गोळ्या सुरू आहेत, मी फार खात नाही, असे ती एकदा लिहू लागली की चौकशीचा विषय तुमची जीभ न राहता तिचा आहार होतो. सगळी वैद्यकीय फाइल तिने जोडली, तर फारच उत्तम. त्या एका भेटीच्या कागदाऐवजी मग तिच्या तपासण्यांच्या आकड्यांवर चर्चा करता येते. वजन किती आणि का, याला तक्रारीत जागाच नाही, हे तिला कोणी सांगू नये, याची तेवढी दक्षता घ्या.

कायद्याच्या बाबतीत गोंधळ जितका वाढवता येईल तितका वाढवा. वजनावरचा प्रत्येक टोमणा 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याखाली येत नाही, आणि तक्रारदाराला हे ठाऊक नसते, यात तुमची मोठी सोय आहे. शेरा लैंगिक आशयाचा असेल, तर अंतर्गत समितीकडे शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावी लागते. समिती सबळ कारण लेखी नोंदवून आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. जानेवारी 2025 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने महिला सहकाऱ्याच्या शरीराच्या ठेवणीवरील शेरा प्रथमदर्शनी लैंगिक आशयाचा असल्याचे म्हणत गुन्हा रद्द करायला नकार दिला. त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणात मात्र, सहकारी महिलेचे लांब केस सावरायला जेसीबी लागत असेल, अशा शेऱ्याला लैंगिक छळ म्हणणे कठीण असल्याचे ठरले आणि समितीचा अहवाल टिकला नाही. म्हणजे 'पडदा गायब झाला' हे त्या समितीकडे नेले, तर तक्रार खरी असूनही चुकीच्या दारात पडण्याची शक्यता दाट. तो शेरा शिस्त आणि वर्तणुकीच्या नियमांखाली, मनुष्यबळ विभागाकडे द्यायचा असतो. ज्या पुरुष सहकाऱ्याला तुम्ही 'टकल्या' किंवा 'काडीपैलवान' म्हणता, त्यालाही हेच दार, कारण त्या कायद्याखाली तक्रार फक्त महिलेलाच करता येते. समितीकडे गेलेली तक्रार सिद्ध झाली नाही, म्हणून ती खोटी ठरत नाही आणि तेवढ्यावरून तक्रारदारावर कारवाई करता येत नाही, हे त्याच कायद्यात लिहिले आहे. ते वाक्य मात्र कोणाला वाचून दाखवू नका.

माफी मागायची वेळ आलीच तर "तुम्हाला वाईट वाटलं असेल तर सॉरी" असे म्हणावे, म्हणजे चूक वाईट वाटून घेणाऱ्याची राहते.

आणि शेवटचा भरवसा मनुष्यबळ विभागावर ठेवा. तेथे "साहेबांचा स्वभावच तसा आहे" हे वाक्य बचाव म्हणून ऐकून घेतात. स्वभावच तसा आहे म्हणजे तो याआधीही असेच बोलला आहे, ही कबुली आहे, हे कोणाच्या लक्षात येत नाही. तक्रार तोंडी ऐकतील, चहा देतील, "बघते मी" म्हणतील आणि पोच देणार नाहीत. पोच नसेल तर तक्रार आली होती हेच सिद्ध होत नाही. मी ई-मेलने पाठवली तेव्हा "प्रत्यक्ष भेटून बोलू" असे उत्तर आले. भेटीत काय ठरले ते मी त्याच संध्याकाळी ई-मेलने लिहून कळवले, तर "हे सगळं लेखी कशाला?" असे विचारणारा फोन आला. फोन! लेखी कशाला, हे लेखी विचारायचीसुद्धा तयारी नाही! तारखा काढून टाका, नावे काढून टाका, शब्द काढून टाका, आणि मग उरलेल्या कागदावर "तक्रार मोघम आहे" असा शेरा मारा. हे काय चालले आहे? तक्रारीतला तपशील कमी करायला सांगणे हा सल्ला नाही, ती पुरावा नष्ट करण्याची पहिली पायरी आहे, आणि ज्यांना कर्मचाऱ्यांच्या तक्रारी घेण्यासाठी पगार मिळतो त्यांनी ती चढावी, याची लाज वाटली पाहिजे.

विभागप्रमुखांनाही आता सरळच सांगते. तुम्हाला माझे आकडे चुकीचे वाटले असते तर ते दाखवायची जागा तीच होती. तुम्ही आकड्यांकडे पाहिलेच नाही. तुमच्या विनोदावर हसले ते तुमच्या हाताखालचे लोक होते. वार्षिक मूल्यमापन तुमच्या सहीने होते, म्हणून हसले. तुमच्या वरिष्ठांसमोर असे बोलून दाखवा आणि मग स्वभावाच्या गोष्टी करा. आणि हसणाऱ्यांनो, तुमच्यापैकी कोणी नंतर जिन्यात गाठून "मनावर घेऊ नका" असे कुजबुजला, कोणी "मला आत ओढू नका" असे म्हणाला. मी तुम्हाला माझी बाजू घ्यायला सांगितलेले नाही. तुमच्या नावापुढे फक्त 'उपस्थित' असे लिहिले आहे. चौकशीत विचारतील तेव्हा जे कानांनी ऐकले ते सांगा. तेवढेही जमणार नसेल, तर जिन्यातली सहानुभूती तुमच्याजवळच ठेवा.