पगारवाढ नको म्हणणाऱ्या मेसेजचं गणित

"ताई, आमच्या ऐरोलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर हे तिसऱ्यांदा आलंय. 'सावधान! पगार १२,७५,००० असेल तर टॅक्स शून्य. तोच वाढून १३,१०,००० झाला तर बघा. स्टेप १: १३.१० लाख हे १२ ते १६ लाखांच्या स्लॅबमध्ये, १५ टक्के म्हणजे १,९६,५००. स्टेप २: रिबेट ६०,००० वजा, उरले १,३६,५००. स्टेप ३: स्टँडर्ड डिडक्शन ७५,००० वजा, उरले ६१,५००. स्टेप ४: सेस ४ टक्के, २,४६०. एकूण टॅक्स ६३,९६०. पस्तीस हजार वाढ, चौसष्ट हजार टॅक्स! वाढ नाकारा.' माझा पगार एप्रिलपासून नेमका एवढाच झालाय, खरंय का हे?"

आधी एक सोपी टेस्ट. ह्याच चार स्टेप घे आणि मेसेजच्या पहिल्या वाक्यातल्या पगाराला लावून बघ. १२,७५,००० चे १५ टक्के १,९१,२५०, त्यातून साठ हजार गेले, पंच्याहत्तर हजार गेले, राहिले ५६,२५०, वर सेस २,२५०, झाले ५८,५००. पण मेसेज तर म्हणतोय तिथे टॅक्स शून्य! म्हणजे पहिला आकडा कुठून तरी बरोबर उचललाय आणि दुसरा स्वतःच्या पद्धतीने काढलाय, आणि मग दोघांची वजाबाकी करून लोकांना घाबरवलंय. कुठलंही टॅक्सचं गणित हातात आलं की ज्याचं उत्तर आपल्याला आधीच पक्कं माहितीये अशा पगारावर ते चालवून बघायचं, दोन मिनिटांत कळतं.

मी महाप्याला एका कंपनीत पेरोल बघते, त्यामुळे हा मेसेज मला ऑफिसातही आलाय आणि ठाण्याला परतताना ट्रेनमध्ये शेजारणीच्या फोनवरही दिसलाय. खालचे सगळे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, नवीन रिजीमचे, आणि उत्पन्न फक्त पगाराचं आहे असं धरून. शेअर्सचे गेन वगैरे असतील तर त्यांचे रेट वेगळे आणि त्या टॅक्सवर ही रिबेट चालत नाही, ते इथे मध्ये आणत नाही.

सेस शेवटी लावलाय ते बरोबर, तेवढं क्रेडिट देऊन टाकते. बाकी तिन्ही स्टेप चुकल्यात.

स्टेप ३ पासून सुरू करते कारण ती खरं तर पहिली यायला हवी. डिडक्शन जातं उत्पन्नातून, टॅक्समधून नाही. टॅक्समधून जाते ती रिबेट. दोन्ही शब्दांचा अर्थ बोलताना "वजा" एवढाच होतो म्हणून घोटाळा होतो, पण फरक केवढा आहे बघ: १५ टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसाला ७५,००० चं डिडक्शन उत्पन्नातून मिळालं तर स्लॅबच्या हिशोबाने त्याचा टॅक्स जास्तीत जास्त ११,२५० नी कमी होणार, मेसेजवाल्याने अख्खे पंच्याहत्तर हजार टॅक्समधून उडवले. असं चाललं असतं तर जुन्या रिजीममध्ये पीएफ आणि एलआयसी मिळून ८०सी चे दीड लाख दाखवणाऱ्या अर्ध्या ठाण्याला टॅक्सच बसला नसता.

तर आधी १३,१०,००० वजा ७५,०००, म्हणजे करपात्र उत्पन्न १२,३५,०००. इथे एक बारीकशी गोष्ट, तुझ्या पे-स्लिपमध्ये प्रोफेशनल टॅक्स कापला जातो ना, महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार, ते जुन्या रिजीममध्ये पगारातून वजा मिळतात, नवीनमध्ये नाही. बरेच जण सवयीने ते वजा करून टाकतात आणि मग उत्तर फॉर्म १६ शी जुळत नाही म्हणून आम्हाला फोन करतात.

आता स्टेप १. तिथे दोन चुका एकावर एक आहेत. स्लॅब लावायचा तो १२,३५,००० वर, पूर्ण पगारावर नाही, ही एक. आणि दुसरी म्हणजे स्लॅबचा रेट त्या स्लॅबमध्ये पडणाऱ्या तुकड्यालाच लागतो, सगळ्या रकमेला नाही. पहिल्या चार लाखांवर काही नाही. चार ते आठ लाख ह्या तुकड्यावर ५ टक्के, म्हणजे २०,०००. आठ ते बारा ह्या तुकड्यावर १० टक्के, म्हणजे ४०,०००. झाले साठ हजार. बाराच्या वर उरले फक्त ३५,०००, त्यांचे १५ टक्के ५,२५०. एकूण ६५,२५०.

सगळ्या रकमेला एकच रेट लावला तर काय होतं ते १६ लाखांच्या रेषेवर बघ. १६ लाखांना १५ टक्क्यांनी २,४०,००० येतील आणि त्यात दहा रुपये जास्त कमावले की २० टक्क्यांनी ३,२०,००२. दहा रुपयांसाठी ऐंशी हजारांची उडी! बरोबर पद्धतीने १६ लाखांवर १,२०,००० येतात आणि पुढच्या दहा रुपयांवर दोन रुपये. नुसत्या स्लॅबच्या गणितात रेषेवर उडी दिसली की समजायचं स्लॅब चुकीचा लागलाय.

पण १२ लाखांची रेषा थोडी वेगळी आहे, कारण तिथे स्लॅबबरोबर रिबेटचीपण रेषा आहे, आणि स्टेप २ तिथेच घसरली. कलम ८७ए ची साठ हजारांची रिबेट करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तरच मिळते. १२,३५,००० ला ती पूर्ण साठ हजार मिळत नाही, मेसेजवाल्याने बिनधास्त घेतली. आता तू म्हणशील मग तर टॅक्स अजून वाढला, सेस धरून ६७,८६० होतो, म्हणजे मेसेज जवळजवळ बरोबरच की! हेच तर आहे. तीन चुकांपैकी एकीने आकडा फुगवला, दोघींनी पाडला, आणि शेवटचा आकडा अशा जागी येऊन पडला की अर्धवट माहिती असलेल्यालाही तो खरा वाटावा. आमच्याच ऑफिसातल्या एकाने कॅल्क्युलेटरवर ६७,८६० काढून "बघा, मेसेज तर कमीच सांगतोय" म्हणून दाखवलं होतं.

त्याचं काय राहिलं तर मार्जिनल रिलीफ. नियम साधा आहे: १२ लाखांच्या वर जेवढं उत्पन्न गेलंय, सेसच्या आधीचा टॅक्स त्यापेक्षा जास्त घ्यायचा नाही. तुझं वर गेलंय ३५,०००. स्लॅबने टॅक्स येतो ६५,२५०. मग वरचे ३०,२५० माफ, टॅक्स ३५,०००. त्यावर सेस ४ टक्के १,४००. एकूण ३६,४००.

६३,९६० नाही, ३६,४००. क्रम लक्षात ठेवायचा तर आधी उत्पन्नातून डिडक्शन, मग स्लॅब, मग रिबेट किंवा मार्जिनल रिलीफ, मग सेस. सेस रिलीफच्या आधी लावला तरी चुकतं.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर मीपण मेसेजवाल्यासारखीच झाले. वाढ ३५,००० ची आणि टॅक्स ३६,४००, म्हणजे वर्षाकाठी हातात १,४०० रुपये कमी येणार. हो, कमी! कारण रिलीफ फक्त टॅक्सला धरून ठेवते, सेस त्याच्या डोक्यावर बसतोच. त्यामुळे "वाढीने कधीच नुकसान होत नाही" असं जे उलट टोकाचं उत्तर ग्रुपवर कोणीतरी दिलं असेल तेही पूर्ण खरं नाही. पण नुकसान केवढं? ह्या पट्ट्यात प्रत्येक जास्तीच्या रुपयावर एक रुपया चार पैसे जातात, आणि हा पट्टा करपात्र १२,७०,५८८ च्या आसपास संपतो, कारण तिथे स्लॅबचा टॅक्स आणि वर गेलेली रक्कम सारखी होते. म्हणजे सगळ्यात वाईट केसमध्ये नुकसान साधारण २,८२४ रुपये. त्याच्या पुढे रुपयाला १५.६ पैसेच जातात आणि पगार १३,४९,००० च्या आसपास पोचला की तू १२,७५,००० वाल्यापेक्षा हातातल्या पैशातही पुढे.

वर्षाला १,४०० साठी वाढ नाकारायची का? मी तरी नाही नाकारणार. पुढच्या वर्षीची टक्केवारी वाढलेल्या पगारावर बसते, आणि वाढीतला काही भाग बेसिकमध्ये गेला तर ग्रॅच्युइटीही त्याच बेसिकवर मोजतात.

वाढ घेऊनही करपात्र १२ लाखांत आणायचा रस्ता आहे, पण तो ८०सी चा नाही, नवीन रिजीममध्ये ८०सी चालतच नाही. (जुन्या रिजीममध्ये जाऊन ८०सी पूर्ण वापरलं तर तुझ्या पगारावर टॅक्स १,५०,५४० होतो, तेव्हा तो विचार सोड.) चालतं ते कंपनीने तुझ्या एनपीएसमध्ये भरलेले पैसे, बेसिक अधिक डीए च्या १४ टक्क्यांपर्यंत. बेसिक पाच लाख असेल तर सत्तर हजारांपर्यंत मर्यादा आली. कंपनीने तुझ्या पगारातले ३५,००० तिकडे वळवले तर करपात्र बरोबर १२ लाख, टॅक्स शून्य. फक्त कंपनीने ही सोय ठेवलेली पाहिजे, तू स्वतः भरून उपयोग नाही, आणि तो पैसा बराचसा साठीपर्यंत अडकतो हे माहीत असू दे.

उलटा खड्डा पण आहे, आणि त्यात मी जास्त लोक पडलेले बघितलेत. पगार बरोबर १२,७५,००० आहे म्हणून निवांत बसलेत, आणि बँकेत आईच्या आग्रहाने केलेल्या एफडीचं सहा हजार व्याज आलंय जे एचआरला माहीतच नाही. करपात्र झालं १२,०६,०००, टॅक्स सहा हजार आणि सेस २४०. अख्खं व्याज गेलं, वर खिशातले २४०. तेव्हा तुझंही सेव्हिंगचं, एफडीचं व्याज काय असेल ते आधी उत्पन्नात मिळव आणि मग वरचं गणित परत कर.

एचआरकडून टॅक्स कॉम्प्युटेशन शीट मागून घे आणि ८७ए ची ओळ बघ. मार्जिनल रिलीफ तिथेच दिसते, तुझ्या केसमध्ये तिथे ३०,२५० पाहिजे. तिथे शून्य असेल आणि महिन्याला ५,६५५ टीडीएस कापला जात असेल तर त्यांनी रिलीफ धरलेली नाही, लगेच मेल टाक. बरोबर धरली असेल तर महिन्याला साधारण ३,०३३ कापले जातील.