तीन डेमो, एक तक्ता

हजेरी-रजेचं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं, तीन व्हेंडरांचे डेमो झाले आणि मॅडम म्हणाल्या, "ट्रान्सक्रिप्ट आहेतच. तिघांचं एका पानावर शेजारी शेजारी मांडून द्या, पटकन." 'पटकन' हा शब्द नेहमी ज्याला ते काम करायचं नसतं तोच वापरतो.

"आवाज येतोय का?", "स्क्रीन दिसतेय का?" हा मजकूर बिनदिक्कत गाळला. खरा घोळ पुढे होता. नेट नसताना हजेरी लागते का, या प्रश्नाला तिघांचंही उत्तर "हो". तीन टिकमार्क करून मोकळं व्हावं, तर पुढची वाक्यं आडवी आली. पहिल्याने ते स्क्रीनवर करून दाखवलं होतं. दुसऱ्याचं "हो, प्रीमियम प्लॅनमध्ये." तिसरा तर उत्साहाने म्हणाला, "हो, अगदी! पुढच्या रिलीजमध्ये येतंय." मग टिकमार्क पुसून रकान्यांत 'दाखवलं', 'जादा पैसे', 'येणार म्हणाले' असं लिहिलं आणि प्रत्येकापुढे रेकॉर्डिंगमधली वेळ टाकली. वेळ टाकलीच पाहिजे, कारण ट्रान्सक्रिप्टला प्रश्नचिन्ह ऐकू येत नाही. आमच्या अकाउंटंटने शंकेखोर आवाजात विचारलेलं "हे पगाराशी आपोआप जोडलं जातं?" तिथे व्हेंडरच्या नावावर, पूर्णविरामासह, वचन म्हणून छापलेलं होतं!

किमतींचं तर विचारू नका. पहिला माणशी दरमहा बोलतो, पण वर्षाचे पैसे एकदम भरले तरच. दुसरा 25 जणांचे गठ्ठे विकतो. आम्ही 40, म्हणजे पैसे 50 जणांचे. माणशी दर सांगितल्याच्या सव्वापट. तिसरा "आधी तुमची गरज समजून घेऊ" म्हणत आकड्याला शिवलाच नाही. शेवटी एकच ओळ ठेवली: 40 माणसं, पहिलं वर्ष, सेटअप फी धरून. तिसऱ्याच्या रकान्यात 'आकडा दिला नाही'.

शंकांच्या ओळीत तिसराच सगळ्यात संशयास्पद दिसू लागला. बिचाऱ्याचा गुन्हा एवढाच, की त्याचा डेमो शेवटी झाला आणि तोवर आम्ही शहाणे झालो होतो. उद्या तुम्हाला सोडायचं ठरलं तर आमचा डेटा कोणत्या फॉरमॅटमध्ये मिळेल, हे फक्त त्यालाच विचारलं होतं. बाकी दोघांचे रकाने कोरे ठेवले असते, तर मीटिंगमध्ये कोणीतरी नक्की म्हणालं असतं, "बघा, यांच्याबद्दल काही शंकाच नाही." म्हणून तिथे ठळक अक्षरात 'विचारलंच नाही' लिहिलं. मॅडमना ते खटकलं. "आपलंच अज्ञान का दाखवायचं?" म्हणाल्या. मी ते तसंच ठेवलं.

मग त्या दोघांना तोच प्रश्न मेलने पाठवला आणि उत्तर लेखीच द्या, असं खाली अधोरेखित केलं. दोघांचीही उत्तरं तासाभरात आली: "छान प्रश्न! एक छोटासा कॉल करू या का?"