डिशवॉशर, लागलेलं दूध आणि कुकरची रिंग

"2 स्टार. नौपाड्यातल्या ह्या दुकानातून डिशवॉशर घेतला. दूध लागलेलं पातेलं काळंच्या काळंच बाहेर आलं. अ‍ॅल्युमिनियमचा कुकर डागाळला, झाकणाला भाताची पेज तशीच, आणि रिंग सैल झाली, आता शिट्टीच होत नाही. सेल्समन म्हणालेला सगळं चालतं."

ताई नमस्कार, दुकानाचा मालक बोलतोय. सगळं चालतं हे आमच्या पोराने सांगायलाच नको होतं, ती चूक आमची. अ‍ॅल्युमिनियम डिशवॉशरमध्ये घालायचंच नाही, कारण त्याची पावडर सोड्यासारखी असते आणि गरम पाण्यात ती अ‍ॅल्युमिनियमला खाते, म्हणून भांडं काळपट पडतं. कुकरमध्ये पाणी आणि लिंबाच्या फोडी घालून 10 मिनिटं उकळलंत तर काळेपणा बराच जाईल, पण पहिली चकाकी येणार नाही हे आधीच सांगतो.

पातेल्याचं मात्र मशीनवर ढकलू नका हां. पावडरीतली एन्झाइम्स दुधाची साय, पेज असलं काढतात, पण करपून कोळसा झालेलं त्यांच्या हातात नाही. पातेलं स्टीलचं असेल तर बोटभर पाणी आणि दोन चमचे खायचा सोडा घालून 10 मिनिटं मंद उकळा, तसंच थंड होऊ द्या आणि मग लाकडी उलथन्याने खरवडा, पापुद्रे सुटतात. सोडा अ‍ॅल्युमिनियमला नको, तिथे नुसतं पाणी उकळा, वेळ लागतो पण निघतं.

आता झाकण, ह्यात खरं जपायचंय. भाताची पेज शिट्टीखालच्या नळीत जाऊन सुकते आणि मशीनचा फवारा त्या बारीक भोकात नीट पोचत नाही, म्हणून स्टीलचा कुकर असला तरी झाकण हातानेच धुवा, आधी 15-20 मिनिटं साध्या पाण्यात भिजवून. शिट्टी काढून नळी उजेडाकडे धरा, आरपार दिसलं पाहिजे, नाहीतर सुई फिरवा. शिट्टी होत नसेल तेव्हा बघा, बाजूने वाफ फुसफुसत असेल तर बहुतेक रिंग गेलीय. पण बराच वेळ झाला आणि वाफ कुठूनच येत नसेल तर नळी बंद असू शकते, लगेच गॅस बंद करा आणि कुकर आपोआप थंड होईपर्यंत झाकणाला हात लावू नका.

रिंग रबराची, मशीनच्या उष्णतेने आणि पावडरने लवकर खराब होते. ती साध्या साबणाने हाताने धुवायची, सावलीत वाळवायची आणि झाकणात अडकवून न ठेवता वेगळी ठेवायची (आमच्या घरी फ्रिजच्या हँडलला लटकते, बायको ओरडते). सैल झालेली फ्रीजरमध्ये ठेवून एखाद वेळ चालते, पण मी तसं करा म्हणणार नाही.

नवीन रिंग आमच्याकडून, पैसे नकोत. फक्त येताना झाकण घेऊन या, नुसती जुनी रिंग आणली तर ती ताणलेली असते आणि माप चुकतं. सोमवारी दुकान बंद असतं.