राजू श्रीवास्तव, दोन विजेते आणि ‘ठरलेला निकाल’: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: «तुमची विजेत्यांची यादी वाचली. २००५चो लाफ्टर चॅलेंज राजू श्रीवास्तवान जिंकल्यान, ह्या शेंबड्या पोराक पण म्हायत आसा. तुम्ही सुनील पाल लिहिलंत! कॉमिकस्तानच्या दुसऱ्या सीझनला दोन नावं लिहून मोकळे झालात. आणि परीक्षकांच्या मार्कांवर एवढं कसलं लिहिता? सगळा आधीच ठरलेला असता. – एक वाचक, कुडाळ»

दादा, विनोदी स्पर्धांच्या विजेत्यांची माझी यादी आहे तशीच राहणार. पण तुम्ही वाचून, चिडून लिहिलंत, तेव्हा उत्तरही नीट द्यायला हवं.

आधी राजू श्रीवास्तव. ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’ २००५ साली स्टार वनवर सुरू झाला, परीक्षक होते शेखर सुमन आणि नवज्योतसिंग सिद्धू. त्या पहिल्या सीझनचा विजेता सुनील पाल, म्हणजे आपल्या हिंगणघाटचा माणूस. दुसरा एहसान कुरेशी, आणि राजू तिसरे. पण तुमची आठवणही हवेतली नाही. त्याच कार्यक्रमातून पुढे गाजलेल्या कलाकारांचा ‘चॅम्पियन्स’ नावाचा वेगळा कार्यक्रम निघाला. तो राजूंनी जिंकला आणि ‘किंग ऑफ कॉमेडी’ हा किताब त्यांना तिथे मिळाला. वाहिनी तीच, चेहरे तेच, नावही जवळपास तेच. वीस वर्षांनी डोक्यात दोन्हींची खिचडी होणारच. शिवाय राजूंचं गजोधर हे पात्र घराघरांत पोचलं होतं. लोक त्याच्या नकला करायचे, एवढा माणूस तिसरा आला असेल हे कुणाला पटणार? २१ सप्टेंबर २०२२ला राजू गेले, तेव्हाही मी गप्पांमध्ये ‘पहिल्या लाफ्टर चॅलेंजचा विजेता गेला’ असंच ऐकलं.

म्हणून यादी करताना माझा एकच नियम आहे: त्या सीझनच्या अंतिम भागात, त्या सीझनच्या नियमाने जे नाव जाहीर झालं तेच लिहायचं. सगळ्यात जास्त हसवलं कुणी, पुढे मोठा झाला कोण, हे वेगळे प्रश्न. नाहीतर पाकिस्तानच्या रौफ लाला यांनी दुसरा सीझन जिंकला हे आज कुणाच्या लक्षात असतं? तिसऱ्याचा विजेता कपिल शर्मा लक्षात आहे तो पुढच्या कामामुळे.

हाच नियम कॉमिकस्तान ह्या स्टँडअप स्पर्धेला. २०१९च्या दुसऱ्या सीझनला आकाश गुप्ता आणि समय रैना यांना संयुक्त विजेते म्हणून जाहीर केलं. तिथे मी एक नाव खोडून दुसरं ठेवलं तर ती हिंमत नव्हे, आगाऊपणा होईल. पहिल्या सीझनला निशांत सुरी, तिसऱ्याला आशिष सोलंकी, तिथे एकेकच नाव आहे, म्हणून एकेकच लिहिलं.

आता ‘ठरलेला असता’. ह्यावर जरा थांबतो, कारण असले निकाल संशयास्पद दिसतात ते बहुतेक वेळा बेरजेमुळे, लबाडीमुळे नव्हे.

आपल्याकडच्या गणपतीतल्या मंडळाच्या स्टँडअप स्पर्धेचं उदाहरण घ्या. तीन परीक्षक, प्रत्येकाचे दहापैकी गुण. निकालात परीक्षकांचा वाटा सत्तर टक्के, प्रेक्षकांचा तीस. ऐकायला वाटतं, परीक्षकच राजे. समजा तिघांनीही पहिल्या पोराला ८ दिले आणि दुसऱ्याला साडेसात. म्हणजे तिघांच्याही मते पहिला सरस. प्रेक्षकांची सरासरी मात्र पहिल्याला ६ आणि दुसऱ्याला ८, कारण दुसऱ्याची अख्खी वाडी टेम्पो करून आलेली आहे. आता करा हिशोब. पहिल्याचे ५.६ अधिक १.८, एकूण ७.४. दुसऱ्याचे ५.२५ अधिक २.४, एकूण ७.६५. तिन्ही परीक्षकांनी ज्याला खाली ठेवला तोच जिंकला, आणि कुणी काडीची गडबड केलेली नाही.

असं होतं कारण परीक्षक हात आखडून मार्क देतात. सगळ्यांचे गुण सात ते साडेआठच्या पट्ट्यात, आणि प्रेक्षकांचे पाच ते साडेनऊ असे पसरलेले. निकाल फिरवतो तो हा पसारा. नुसते कागदावरचे टक्के बघून कुणाचं वजन जास्त हे कळत नाही. त्यावर उपाय सोपा आहे. परीक्षकांकडून गुण न घेता क्रम घ्यायचा: तुमच्या मते पहिला कोण, दुसरा कोण, तिसरा कोण. क्रमात हात आखडता येत नाही. आणि जिथे प्रेक्षक आवडत्याला एकच मत देतात तिथे त्यांना प्रत्येक कलाकाराला गुण द्यायला लावायचे, म्हणजे टेम्पोचा जोर पूर्ण जात नसला तरी बराच कमी होतो.

दुसरा घोळ सगळ्यात आधी उभ्या राहणाऱ्या पोराचा. तो माइक हातात घेतो तेव्हा लोक खुर्च्या शोधत असतात, स्पीकर कुईं करतो, मागे वडापावचा कागद चुरगळतोय. परीक्षकाचं पेन सातवर थांबतं, कारण ‘पुढे कुणी भारी आला तर?’ ही भीती. पुढे तसाच विनोद सहाव्या नंबरवर येतो, हॉल तापलेला असतो, आणि पेन सहज साडेआठ लिहून जातं. म्हणून स्पर्धेबाहेरच्या कुणाला तरी आधी पाच मिनिटं उभं करावं, आणि कोण कधी उभं राहणार हे चिठ्ठी टाकून ठरवावं. आपल्या डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, मार्कांची भानगड नसते, म्हणून कुठला बुवा सरस ह्यावर पहाटेपर्यंत चहाच्या टपरीवर भांडता येतं. स्पर्धेच्या कार्यक्रमाला ती चैन नाही, त्याला रात्री एक नाव जाहीर करावंच लागतं.

निकालात निर्मात्यांचा हात असतोच कधीकधी, ते नाकारत नाही. अमेरिकेतल्या ‘लास्ट कॉमिक स्टँडिंग’च्या २००४च्या दुसऱ्या सीझनला ड्रू कॅरी आणि ब्रेट बटलर हे परीक्षक होते. अंतिम दहा जण जाहीर झाले आणि दोघं उघड भडकले, कारण त्यांनी निवडलेली नावं वेगळी होती. नंतर कळलं की परीक्षकांचं मत हा निवडीचा एक भाग होता, शेवटचा शब्द निर्माते आणि वाहिनीचा. म्हणजे परीक्षक पडद्यावर बसलेले, पण निर्णय दुसऱ्या खोलीत. तरीही त्या सीझनचा विजेता जॉन हेफ्रन, आणि माझ्या यादीत तोच आहे. दहा जण कसे निवडले गेले ह्याची टीप मी शेजारी देतो, नाव बदलत नाही.

त्याच कार्यक्रमाचा तिसरा सीझन तर आणखी विचित्र. पहिल्या दोन सीझनमधले कलाकार आमनेसामने उभे केले, आणि अंतिम भाग दाखवायच्या आधीच एनबीसीने कार्यक्रम गुंडाळला. तो भाग कॉमेडी सेंट्रल ह्या दुसऱ्या वाहिनीवर लागला. एनबीसीवर बघणाऱ्याला विजेता कळलाच नाही, म्हणून पुढे दुसऱ्या सीझनचा उपविजेता आणि तिसऱ्याचा विजेता एकच माणूस कसा, असे वाद झाले तर नवल नाही. दोन्ही खरं आहे, तो ॲलोन्झो बॉडन. राजूंसारखंच: एका स्पर्धेत मागे, पुढच्या स्पर्धेत पहिला.

तेव्हा दादा, माझ्या यादीतलं एखादं नाव खोडायचं असेल तर त्या सीझनच्या अंतिम भागाचं रेकॉर्डिंग दाखवा, किंवा त्या आठवड्याच्या वर्तमानपत्राचं कात्रण पाठवा. नंतरच्या मुलाखतीत निवेदकाने ‘विजेते’ म्हणून ओळख करून दिली, हे पुरावा म्हणून धरत नाही. निवेदक पाहुण्याला मोठं करूनच बोलतो. आणि राजूंचा ‘किंग ऑफ कॉमेडी’ यादीत आधीपासून आहे. पहिल्या सीझनच्या ओळीत बघितलंत, म्हणून दिसला नाही. ‘चॅम्पियन्स’ची ओळ वेगळी आहे.