1.6 या आकड्याखाली काय दडलंय

“दादा, आमच्या विभागाचा एनबीएचा एसएआर माझ्या गळ्यात आलाय. निकषागणिक फायली लावता लावता शिकवायला वेळच उरत नाही. सर म्हणतात, बाहेरच्या देशात असलं काही नसतं, तिथे नुसतं शिकवणं. खरं सांग, तिकडे पुरावे मागतात का? आणि आमचा सगळा तक्ता हिरवा आहे, मग मला तो खोटा का वाटतो?”

हा निरोप माझ्या मामेबहिणीचा. एनबीए म्हणजे अभ्यासक्रमांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था, आणि एसएआर म्हणजे तिच्यासाठी विभागाने स्वतःबद्दल लिहायचा अहवाल. इंदूरच्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात ती मेकॅनिकल शिकवते. गेल्या महिन्यात मी रामबागेत मामांकडे उतरलो होतो, तेव्हा तिच्या फायली जेवणाच्या टेबलावरच पसरलेल्या होत्या. मामांना ते सगळंच अनाकलनीय होतं. “तुमच्या कॉलेजला नॅकची चांगली श्रेणी मिळालीय ना? मग परत तपासणी कसली?” असं ते दोनदा म्हणाले आणि वीज मंडळातल्या त्यांच्या काळच्या ऑडिटची गोष्ट सांगू लागले. नॅक अख्ख्या कॉलेजकडे बघतं आणि एनबीए एकेका अभ्यासक्रमाकडे, एवढं सांगून आम्ही दोघं परत फायलींकडे वळलो.

तर पहिलं उत्तर: मागतात. ओहायोतल्या ज्या सरकारी विद्यापीठात मी शिकवतो, तिथे अबेट या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेची फेरी साधारण सहा वर्षांनी येते. ज्या वर्षी पाहणी, त्या वर्षीच्या 1 जुलैपर्यंत विभागाने स्वतःचा अहवाल पाठवायचा. निकष आठ. मागच्या वेळी तो लिहिणाऱ्या तिघांत मी होतो. पाहणीच्या शेवटच्या दिवशी मंडळी निष्कर्ष मोठ्याने वाचून दाखवतात. आम्हाला चौथ्या निकषावर, म्हणजे सातत्याने सुधारणा यावर, उणीव निघाली. आकडे आम्ही नीट गोळा केले होते, आलेख काढले होते. पण त्या आकड्यांवरून कुठला निर्णय झाला, हे दाखवणारा एकही कागद आमच्याकडे नव्हता. आमच्याच विभागातले एक निवृत्त प्राध्यापक, ज्यांनी स्वतः कितीतरी कॉलेजांची पाहणी केलेली, त्यांनी हे उन्हाळ्याआधीच सांगितलं होतं. म्हणाले होते, “मी आकडा बघत नाही. तो बघून तुम्ही दुसऱ्या दिवशी काय केलंत, ते विचारतो.” आम्ही ते मनावर घेतलं नाही.

म्हणून बाहेर सगळं सुरळीत असतं, असं मी म्हणणार नाही. मात्र एक फरक खरा आहे. अबेटच्या निकषांना गुण नाहीत. एखादं उद्दिष्ट गाठलं नाही असं लिहिलं, तर त्या लिहिण्याने काही कापलं जात नाही. उलट पुढच्या ओळीत काय केलं ते असेल, तर तोच चांगला पुरावा ठरतो. शिवाय प्रत्येक विषय, प्रत्येक विद्यार्थी मोजायची सक्ती नाही. निवडक विषयांतून नमुना घेतला तरी चालतो. आपल्याकडे एसएआर हजार गुणांचा. बहिणीच्या विभागाने ज्या साच्यावर सवय केली, त्यात दहा निकष होते आणि तिसऱ्या निकषाला, म्हणजे सीओ-पीओला, 120 गुण. सीओ म्हणजे एक विषय शिकून विद्यार्थ्याला काय यायला हवं, आणि पीओ म्हणजे पूर्ण पदवीअखेर काय यायला हवं. 2024 नंतरच्या नव्या साच्यात निकष नऊ झाले, पीओ बाराचे अकरा झाले. पण गुण राहिले, आणि गुण आहेत तिथे कमी आकडा लिहायची भीतीही राहिली.

आता तक्ता खोटा का वाटतो, ते. बेरीज-वजाबाकीत तिची चूक नाही, तिथे मी दोनदा तपासलं. गडबड त्याच्या आधी आहे. हीट ट्रान्सफर या विषयाचं उदाहरण घेतो, कारण आम्ही दोघांनी रात्री तेच उलगडून पाहिलं.

वर्गात 60 मुलं, विषयाचे पाच सीओ. तिसरा सीओ असा, की विद्यार्थ्याला हीट एक्सचेंजरचं, म्हणजे एका प्रवाहाची उष्णता दुसऱ्याला देणाऱ्या यंत्राचं, गणित मांडता आलं पाहिजे. पातळ्या नेहमीच्या: 60 टक्के मुलांनी ठरवलेले गुण गाठले तर पातळी 1, 70 टक्क्यांना 2, 80 टक्क्यांना 3, आणि 60 च्या खाली शून्य. चाचणीत या सीओवर 10 गुणांचा एकच प्रश्न होता. 6 किंवा जास्त गुण 27 मुलांना. म्हणजे 45 टक्के, पातळी शून्य.

आता विद्यापीठाची परीक्षा. पेपर तपासले जातात बाहेर, कॉलेजच्या हाती येते फक्त ग्रेड. कुठल्या प्रश्नाला किती गुण, हे कळायला वाटच नाही. 60 पैकी 44 मुलं अपेक्षित ग्रेडच्या वर होती, 73 टक्के, पातळी 2. हा एकच आकडा पाचही सीओंना सारखा चिकटवला जातो. त्यानंतर 80 टक्के वजन विद्यापीठाला, 20 टक्के चाचणीला. तिसऱ्या सीओचं उत्तर 0.8 × 2 + 0.2 × 0 = 1.6. ज्या सीओत चाचणीत पातळी 3 आली, त्याचं 1.6 + 0.6 = 2.2. विभागाचं लक्ष्य 1.5, ते गाठलं की तक्त्यात हिरवं.

इथे थांबून हे नीट बघा. त्या वर्षी कुठलाही सीओ 1.6 च्या खाली जाऊच शकत नव्हता आणि 2.2 च्या वर चढू शकत नव्हता. चाचणीत एकाही मुलाने एक ओळ लिहिली नसती तरी तक्ता हिरवाच राहिला असता. ज्या एका ठिकाणी सीओनुसार खरी माहिती आहे, त्या चाचणीला वजन सगळ्यात कमी, आणि ज्या आकड्यात सीओचा पत्ताच नाही, त्याला सगळ्यात जास्त. तिला जे खोटं वाटत होतं ते हेच.

विभागप्रमुखांशी मी फोनवर बोललो. माणूस कामसू, पंधरा वर्षं या फायली सांभाळतोय. त्यांचं म्हणणं, “80-20 हा एनबीएचा नियम आहे, त्याला हात लावता येत नाही.” अर्धं बरोबर. साच्यात 80 आणि 20 हे आकडे आहेत, पण ते “असं धरलं तर” म्हणून समजावण्यासाठी दिलेल्या उदाहरणातले आहेत. वजन किती ठेवायचं ते विभागाने ठरवावं आणि कारणासह लिहावं, एवढीच अपेक्षा. त्यावर त्यांनी जे विचारलं, त्याला माझ्याकडे पक्कं उत्तर नव्हतं: “मध्येच सूत्र बदललं तर मागच्या तीन वर्षांची तुलना कशी दाखवू?” त्यांची अडचण खरी आहे. मला सुचलं ते एवढंच, की जुन्या सूत्राचा आकडा आहे तिथे ठेवावा आणि त्याच्या शेजारी नुसत्या चाचणीच्या पातळीचा वेगळा रकाना काढावा. अट एकच: तो तिन्ही वर्षांचा हवा, सोयीच्या एका वर्षाचा नको.

त्या रकान्यातल्या शून्याला आधार कुठून आणायचा? उत्तरपत्रिकांतून. बहिणीने कपाटातून गठ्ठा काढला होता. प्रश्न साधा: तेल 120 अंशांवरून 80 वर येतं, पाणी 30 वरून 50 वर जातं, दोन्ही प्रवाह उलट दिशांनी, एलएमटीडी, म्हणजे दोन टोकांच्या तापमान-फरकांची लॉगरिदमिक सरासरी, काढा. बरोबर मांडलं तर एका टोकाला फरक 120 वजा 50, म्हणजे 70. दुसऱ्या टोकाला 80 वजा 30, म्हणजे 50. उत्तर सुमारे 59.4. चुकलेल्या 33 पत्रिका आम्ही एकेक करून चाळल्या. त्यातल्या 21 जणांचं उत्तर 54.6 होतं. हा आकडा कुठून आला ते लगेच कळतं: या मुलांनी प्रवेशाशी प्रवेश आणि निर्गमाशी निर्गम जोडलाय, 90 आणि 30, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने धरलेत. सूत्र सगळ्यांना पाठ आहे. चित्र डोळ्यांपुढे नाही.

सुधारणेच्या निकषाला हवा तो पुरावा माझ्या मते हा आहे. “कमकुवत विद्यार्थ्यांसाठी जादा तास घेतले” हे वाक्य प्रत्येक फायलीत असतं आणि त्यावरून काही कळत नाही. त्याऐवजी 21 जणांची एकच चूक, ती दाखवणाऱ्या तीन पत्रिकांच्या प्रती, आणि विभागाच्या त्याच महिन्याच्या बैठकीत झालेली नोंद की पुढच्या वर्षी सूत्राआधी दोन ट्यूटोरियल तापमानाच्या आलेखांवर घ्यायची, असं असलं की धागा पूर्ण होतो. बहिणीने ती ट्यूटोरियलं खरंच घेतली होती, मनाने, कुणी न सांगता. पुढच्या तुकडीत तशाच प्रश्नाला 58 पैकी 38 मुलं पार झाली. 66 टक्के, पातळी 1. विद्यापीठाची पातळी 2 च राहिली, म्हणून तक्त्यात 1.6 चं 1.8 झालं, आणि त्या एवढ्याशा फरकाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. तिचंही नाही.

नोंद मात्र कुठेच नव्हती. इथे विभागातल्या एका तरुण सहकाऱ्याने तोडगा सुचवला, की त्या तारखेचं इतिवृत्त आता टाइप करून सह्या घेऊ. ट्यूटोरियलं झालीच आहेत, मग खोटं काय? हे करू नका, असं मी कळकळीने सांगितलं. मी भारतात ज्या कॉलेजात नोकरीला लागलो, तिथे माझ्यासमोर हे घडलंय: जुन्या बैठकीच्या इतिवृत्तावर अशा शिक्षकाची सही होती जो त्यानंतर आठ महिन्यांनी रुजू झाला होता. तपासणाऱ्यांनी शिक्षकांच्या यादीतली रुजू तारीख शेजारी ठेवली आणि काही न बोलता बाकीची इतिवृत्तं मागवली. त्यानंतर आमच्या खऱ्या कागदांवरही कुणी विश्वास ठेवला नाही. आणि खरे कागद होते, बरेच होते.

त्याऐवजी तिच्याकडे काय होतं? ट्यूटोरियलची हजेरी, तारखेसह. मुलांनी काढलेले आलेख, त्यावर तिच्या लाल पेनाच्या खुणा. वर्गाच्या ग्रुपवर तिने प्रश्न टाकला त्या दिवसाचा मेसेज. हे कागद काम होत असताना तयार झालेले आहेत. इतिवृत्त नाही हे तसंच लिहावं आणि हे जोडावं, असं माझं मत. यामुळे दोन-चार गुण जातील का? जाऊ शकतात. हजार गुणांच्या पद्धतीत बसून ती जोखीम तिला घ्यायची आहे, मला नाही, याची मला जाणीव आहे. एनबीएने निदान विद्यापीठांकडून प्रश्नानुसार गुण मिळतील अशी व्यवस्था मागावी, हे मात्र मी ठासून म्हणेन. संलग्न कॉलेजाने अभ्यासक्रम ठरवायचा नाही, पेपर काढायचा नाही, तपासायचा नाही, आणि सीओनुसार निकाल मात्र दाखवायचा, ही मागणी पुरी करण्यासारखी नाही.

काल रात्री तिने फोटो पाठवला. तक्त्यात नवा रकाना आलाय, तीन वर्षांचा: 0, 0, 1. पहिलं शून्य मला माहीतच नव्हतं. त्याच्याही आधीच्या वर्षी मुलं तिथेच अडली होती. विभागप्रमुख सरांनी पेन्सिलने त्या रकान्याभोवती गोल काढून शेजारी प्रश्नचिन्ह ठेवलंय. सोमवारी बैठक आहे. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन जाणार आहे, म्हणाली.