आर्टेसुनेट: कमी डोस आणि घाईच्या गोळ्या, दोन्ही चूक

सोलापुरात पालकांच्या आणि औषध दुकानदारांच्या ग्रुपांवर फिरणारा संदेश: “गंभीर मलेरियात मूल लहान म्हणून आर्टेसुनेटचा डोस किलोमागे कमीच ठेवा. पहिल्या इंजेक्शनने ताप उतरून मूल पाणी पिऊ लागले की सलाईन काढा आणि तीन दिवसांच्या कोर्समधल्या उरलेल्या गोळ्या द्या.”

डोसाचा हिशेब मुळातच उलटा आहे. २० किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलाला दर वेळी किलोमागे ३ मिलिग्रॅम आणि २० किलो किंवा त्याहून अधिक वजन असल्यास २.४ मिलिग्रॅम आर्टेसुनेट द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण किलोमागे सारखाच डोस दिला तर लहान मुलांच्या रक्तात औषधाची मात्रा मोठ्यांपेक्षा कमी भरते. यामुळे १९ किलोच्या मुलाला ५७ आणि २० किलोच्या मुलाला ४८ मिलिग्रॅम मिळते. हे विचित्र दिसले तरी हिशेब चुकलेला नसतो.

समजा, मंगळवेढ्याहून सोलापूरच्या रुग्णालयात झटके येत असलेले १४ किलोचे मूल आणले. त्याचा डोस ४२ मिलिग्रॅम. ६० मिलिग्रॅमच्या कुपीतील पावडर सोबतच्या १ मिलिलिटर सोडियम बायकार्बोनेटमध्ये पूर्ण विरघळवून त्यात ५ मिलिलिटर सलाईन मिसळले की प्रत्येक मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध येते. म्हणजे ४.२ मिलिलिटर हवे. प्रचलित तक्त्याप्रमाणे ते वरच्या पूर्णांकावर नेऊन ५ मिलिलिटर शिरेतून सावकाश देतात. द्रावण तासाभरात वापरायचे असते, त्यामुळे उरलेले पुढच्या डोससाठी ठेवता येत नाही. मांडीत इंजेक्शन द्यायचे झाल्यास ५ऐवजी २ मिलिलिटर सलाईन घालतात. तेव्हा द्रावण दुप्पट तीव्र होते, आणि शिरेचा तक्ता पाहून ते भरले तर डोसही दुप्पट जातो.

ताप उतरणे ही थांबण्याची खूण नव्हे, कारण तो पॅरासिटामॉलनेही उतरतो. दाखल होताच, १२ तासांनी आणि २४ तासांनी असे किमान तीन डोस इंजेक्शनानेच द्यावे लागतात, मूल मधेच खाऊ-पिऊ लागले तरीही. त्यानंतरही गिळता येत नसेल तर २४ तासांनी एकेक डोस चालू ठेवतात.

गोळ्यांतून मात्र इंजेक्शनाचे दिवस वजा करता येत नाहीत. आर्टेसुनेट काही तासांतच शरीरातून निघून जाते. उरलेले परजीवी संपवायला एसीटीमधले, म्हणजे आर्टेसुनेटसारखे औषध आणि त्याचे जोडीदार औषध एकत्र असलेल्या गोळ्यांमधले, जास्त काळ टिकणारे दुसरे औषध लागते, म्हणून एसीटीचा वजनानुसार संपूर्ण तीन दिवसांचा कोर्स नव्याने सुरू करतात. मूल बेशुद्ध झाले असेल तर मेफ्लोक्विन असलेला कोर्स टाळतात.

घरी गेल्यावर एक ते चार आठवड्यांत मूल फिके पडले, दमू लागले किंवा लघवी गडद झाली तर हिमोग्लोबिन लगेच तपासावे, कारण आर्टेसुनेटनंतर काही रुग्णांत तांबड्या पेशी उशिरा फुटतात.