बाहुलीच्या चेहऱ्यावरची फट

"ॲनिमेशन म्हणजे शेवटी कार्टूनच. बाहुल्या हलवा, चित्रं काढा नाहीतर थ्रीडी करा, फरक नुसता दिसण्याचा. आता तर सगळं कॉम्प्युटरच करतो. आणि मोठ्यांनी बसून बघावं असं त्यात असतं तरी काय?"

असं म्हणणारे बरेच भेटतात. त्यातल्या कॉम्प्युटरपासून सुरुवात करतो. ती गाठ सुटली की बाकीच्या आपोआप सैल होतात.

थ्रीडी फिल्ममध्ये आधी पात्राचं मॉडेल तयार होतं आणि त्याच्या आत रिग, म्हणजे हलवता येणारा सांगाडा बसवला जातो. मग ॲनिमेटर निवडक फ्रेम्सवर पोझ ठरवतो. समजा पहिल्या फ्रेमला हात मांडीवर आहे आणि बाराव्या फ्रेमला ग्लासापाशी. मधल्या फ्रेम्स सॉफ्टवेअर भरतं. पात्राच्या अभिनयात कॉम्प्युटर आपण होऊन करतो ते साधारण एवढंच, आणि ते तसंच्या तसं ठेवलं तर हात पाण्यात तरंगल्यासारखा जातो, कारण खांदा, कोपर, मनगट सगळे एकदम निघतात आणि एकदम थांबतात. खरा माणूस आधी ग्लासाकडे बघतो, मग खांदा हलतो, कोपर त्याच्यामागून येतं आणि मनगट सर्वांत शेवटी. हा उशीर सांध्यागणिक हाताने पेरावा लागतो. मनातली द्विधा दाखवायची असेल तर हात मध्येच किंचित अडखळायला हवा, आणि कुठे अडखळायचं हे मशीनला कळत नाही. स्वस्तात उरकलेल्या मालिकांमधली पात्रं चालताना जमिनीवरून घसरल्यासारखी का वाटतात, त्याचं उत्तर बरंचसं इथे आहे.

थ्रीडीचं खरं वैशिष्ट्य वेगळंच आहे. त्यात शेवटपर्यंत काहीही बदलता येतं. शॉट पूर्ण झाल्यावर कॅमेरा फूटभर खाली घ्या, खिडकीतला उजेड संध्याकाळचा करा, अभिनय तोच राहतो. बाहुलीच्या फिल्ममध्ये ही चैन नाही. म्हणून 'फरक नुसता दिसण्याचा' हे म्हणणं मला पटत नाही. चूक कधीपर्यंत दुरुस्त करता येते, हा या तीन पद्धतींमधला मोठा फरक आहे आणि दिसणं बऱ्याच अंशी त्यातूनच येतं.

'ॲनॉमलिसा' घेऊ. चार्ली कॉफमन आणि ड्यूक जॉन्सन यांची 2015 ची स्टॉप-मोशन, म्हणजे बाहुल्या किंचित हलवत एकेक फ्रेमचा फोटो घेऊन केलेली फिल्म. मायकल स्टोन हा ग्राहकसेवेवर पुस्तकं लिहिणारा मध्यमवयीन माणूस भाषणासाठी सिनसिनाटीला येतो आणि हॉटेलात एक रात्र काढतो. गोष्ट जवळजवळ एवढीच. फिल्म साधारण 90 मिनिटांची आहे. सेकंदाला 24 फ्रेम्स धरल्या तर 1,29,600 फ्रेम्स होतात, आणि एकेक पोझ दोन फ्रेम्स टिकवली तरी बाहुल्या जवळपास 65,000 वेळा हलवाव्या लागतात.

अशा फिल्ममध्ये मायकल पलंगावर बसून फोन करतो, असा साधा शॉट घेतला तर काय काय करावं लागतं? आवाज आधीच रेकॉर्ड झालेला असतो. कोणत्या फ्रेमला तोंडातून कोणता ध्वनी निघतो याचा तक्ता तयार असतो आणि त्याप्रमाणे चेहऱ्याचा खालचा भाग दर थोड्या फ्रेम्सनी काढून दुसरा लावायचा. बाहुलीच्या आत धातूचे सांधे असतात. ती उभी राहणार असेल तर पावलं सेटच्या तळातून स्क्रूने आवळतात, नाहीतर चालताना तोल जातो. ॲनिमेटर बाहुली किंचित हलवतो, बाजूला होतो, फोटो घेतो आणि पुन्हा आत जातो. हे काम फक्त पुढे जातं. मधली फ्रेम मागाहून घालता येत नाही. नव्वदाव्या फ्रेमला कोपर लागून दिवा हलला, तर पडद्यावर उजेड उडी मारताना दिसतो आणि बहुतेक वेळा शॉट पहिल्यापासून घ्यावा लागतो. काम अर्धवट टाकून घरी गेलं तर आणखी पंचाईत, कारण रात्रभरात हवेतल्या ओलाव्याने लाकडी सेट किंचित फुगू शकतो आणि सकाळची पहिली फ्रेम कालच्या शेवटच्या फ्रेमशी जुळत नाही. सेटवर ॲनिमेटर काळे कपडे घालतात तेही याचसाठी. पांढऱ्या शर्टावरून परतलेला उजेडसुद्धा फ्रेमगणिक बदलतो.

ही युक्ती आपल्याकडे परकी नाही. दादासाहेब फाळक्यांनी 1915 च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' केली, त्यात काडेपेटीतल्या काड्या अशाच एकेक फ्रेम सरकवून हलवल्या होत्या.

आता कॉम्प्युटरचा मुद्दा पुन्हा येतो, कारण 'ॲनॉमलिसा'तही तो आहे. चेहरे थ्रीडी प्रिंटरवर छापलेले आहेत. हल्ली स्टॉप-मोशनच्या सेटवर मागची फ्रेम आताच्या फ्रेमवर पुसट दिसते, तीही सॉफ्टवेअरमुळेच. पण मशीनकडून करून घ्यायची एक नेहमीची गोष्ट कॉफमन आणि जॉन्सन यांनी मुद्दाम केली नाही. बदलते चेहरे दोन तुकड्यांचे असतात. भुवया आणि कपाळाचा एक तुकडा, गाल आणि तोंडाचा दुसरा. दोन्हींमध्ये डोळ्यांच्या पातळीवर एक फट राहते. बहुतेक स्टुडिओ ती नंतर डिजिटल पद्धतीने पुसून टाकतात. इथे ती सगळ्या फिल्मभर ठेवली आहे.

पहिली दहा मिनिटं ती खुपते. मग लक्षात येतं की मायकलला भेटणारा प्रत्येक जण, टॅक्सीवाला, बायको, जुनी प्रेयसी, सगळे एकाच चेहऱ्याचे आहेत आणि सगळ्यांना टॉम नूनन या एकाच नटाचा आवाज आहे. फक्त हॉटेलात भेटलेली लिसा वेगळी दिसते आणि जेनिफर जेसन लीच्या आवाजात वेगळी बोलते. माणसाला सारं जग एकसारखं वाटू लागलं आहे, ही गोष्ट खऱ्या नटांना मुखवटे घालून दाखवली असती तर ती लगेच चमत्कार वाटली असती. बाहुल्यांच्या जगात एकसारखे चेहरे आधी आपल्याला कारखान्याची सोय वाटतात, आणि मग हळूहळू मायकलचा आजार कळतो. पुढे एका दुःस्वप्नात मायकलच्या चेहऱ्याचा खालचा तुकडा गळून पडतो. फट पुसली असती तर हा प्रसंग नुसता धक्का ठरला असता. इथे तो तुकडा सुरुवातीपासून तुमच्या डोळ्यांसमोर होता. फिल्ममध्ये या बाहुल्यांचा शय्याप्रसंगही आहे. तो अवघडलेला, संकोचाने भरलेला आणि म्हणूनच विलक्षण खरा आहे. अमेरिकेत फिल्मला आर, म्हणजे मुलांना मोठ्यांशिवाय प्रवेश नाही असं प्रमाणपत्र मिळालं आणि त्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात ग्रँड ज्युरी पारितोषिकही.

हाताने काढलेल्या फिल्ममध्ये चूक दुरुस्त होते, पण तेवढं चित्र पुन्हा काढून. मुख्य ॲनिमेटर हालचालीचे महत्त्वाचे टप्पे काढतो, दुसरे मधली चित्रं भरतात, आणि मग ज्या कामाकडे कोणी बघत नाही ते होतं. खडबडीत रेघा स्वच्छ करून सगळ्या चित्रांमध्ये एकाच जाडीच्या केल्या जातात. दहा जणांनी काढलेलं पात्र एकाच हाताचं वाटायला हवं म्हणून हा खटाटोप. पण त्यात पहिल्या रेघेतला जोर बराचसा निघून जातो.

इसाओ ताकाहाता यांच्या 'द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया' (2013) मध्ये तो जोर राखला आहे. रेघा पेन्सिलीच्या आहेत, रंग जलरंगासारखे, आणि कडांना कागद कोराच सोडलेला. जुन्या जपानी कथेतली ही मुलगी बांबूत सापडते, वडील तिला राजधानीत नेऊन कुलीन घराण्यात उजवण्याचा घाट घालतात. नामकरणाच्या मेजवानीत दारू प्यायलेले पाहुणे तिच्याबद्दल वाटेल ते बोलतात, ते ती पडद्याआडून ऐकते आणि पळत सुटते. ती पळते तशी रेघ बदलते. चेहरा नाहीसा होतो, भरजरी वस्त्रं मागे गळत जातात, झाडं काळ्या फराट्यांची होतात आणि शेवटी पडद्यावर केवळ संताप उरतो. तुटणारी रेघ फक्त काढणाऱ्या हाताकडेच असते. बाहुली कितीही कुशलतेने हलवली तरी तिचं सिलिकॉन असं विरघळत नाही. थ्रीडीत हे करायचं तर रेघ आधी निर्माण करावी लागते.

आणि ती केलीही जाते. जेरेमी क्लापँ यांची 'आय लॉस्ट माय बॉडी' (2019) ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये थ्रीडीत ॲनिमेट केली आणि मग त्यावर हाताने रेघा ओढल्या. मनगटापासून तुटलेला एक हात आपल्या शरीराच्या शोधात पॅरिस ओलांडतो. जमिनीलगत धावणारा कॅमेरा, उंदरांशी झटापट, छतावरून खाली घसरणं, हे सगळं हाताने काढणं जिकिरीचं होतं, म्हणून थ्रीडी. पण नुसत्या थ्रीडीत तो हात भयपटातला वाटला असता. रेघेमुळे त्याचा एकटेपणा पोचतो. ही फिल्म कोणत्या पद्धतीची म्हणायची, यावर वाद घालणाऱ्यांनी खुशाल घालावा. हात कॉम्प्युटरने चालवला की माणसाने, या प्रश्नाला मात्र तिथे अर्थच उरत नाही.

राहिला मुलांचा प्रश्न. मोठ्या स्टुडिओंच्या थ्रीडी फिल्मचा खर्च अनेकदा 10 कोटी डॉलर्सच्या पुढे जातो. तेवढे पैसे परत यायचे तर अख्ख्या कुटुंबाने तिकीट काढायला हवं, म्हणून गोष्टही अख्ख्या कुटुंबाची होते. आपल्या थिएटरांत मुख्यतः त्याच येतात आणि आपण त्यावरून सगळ्या माध्यमाचं वय ठरवतो. लहान खर्चात काम करणाऱ्यांना हे बंधन नसतं. मर्जान सत्रापी आणि व्हँसाँ पॅरोनो यांची 'पर्सेपोलिस' (2007) इराणी क्रांतीनंतरचं बालपण आणि निर्वासितपण मुख्यतः काळ्या-पांढऱ्या चित्रांत सांगते. ॲडम एलियट यांची 'मेरी अँड मॅक्स' (2009) ही मातीच्या बाहुल्यांची फिल्म एकटेपणा, नैराश्य आणि ॲस्पर्जर या ऑटिझमच्या प्रकाराबद्दल आहे. गीतांजली राव यांच्या 'बॉम्बे रोझ'मध्ये (2019) मुंबईच्या रस्त्यावर फुलं विकणारी कमला आणि काश्मीरहून आलेला सलीम भेटतात, आणि ती फ्रेमगणिक रंगवलेली आहे. मुंबईचा पाऊस इतका नीट फार थोड्या फिल्म्समध्ये पडला असेल.

घरी लावताना एक गोष्ट सांभाळा. 'ॲनिमेशन' हा विभाग बघून मुलांसमोर काहीही सुरू करू नका, प्रमाणपत्र आधी बघा. एप्रिल 1988 मध्ये जपानी थिएटरांत 'माय नेबर तोतोरो' आणि 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' एकाच तिकिटावर दाखवल्या गेल्या. दोन्ही एकाच स्टुडिओच्या, दोन्ही हाताने काढलेल्या आणि दोन्हींत एक लहान मुलगी. तोतोरो चार वर्षांच्या पोरालाही बिनधास्त दाखवा. दुसरीत मात्र ती मुलगी युद्धात उपासमारीने मरते. ती मुलं झोपल्यावर बघा, आणि दुसऱ्या दिवशी लवकर उठायचं असेल तर नकोच.